पाय कधी बसवायचा, हे मोजपट्टी सांगते

गुडघ्याखालून पाय काढावा लागला की घरच्यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, 'नवा पाय कधी बसेल?' डॉक्टर दोन-तीन महिन्यांचा अंदाज देतात, घरचे कॅलेंडरवर खूण करतात आणि मग वाट बघणं सुरू होतं. पण कृत्रिम पाय नीट बसणार की नाही, हे ठरतं ते याच वाट बघण्याच्या दिवसांत. गुडघ्याखाली उरलेल्या भागाला हॉस्पिटलात आणि पेशंटांच्या घरातही 'स्टंप' म्हणतात. ऑपरेशननंतर तो सुजलेला असतो, पुढचे कित्येक आठवडे तो आकसत राहतो, आणि सकाळी एक माप तर संध्याकाळी दुसरं असंही होतं. कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात शिरतो तो कडक भाग, मात्र एकदा बनला की तेवढाच राहतो. बदलत्या मांसाचा आणि न बदलणाऱ्या प्लास्टिकचा मेळ कसा घालायचा, या एका प्रश्नाभोवती स्टंपची सगळी निगा फिरते.

उदाहरणासाठी बार्शीकडचे एक टेम्पोचालक डोळ्यांसमोर आणू. वय चोपन्न, मधुमेह बरीच वर्षं, उजव्या टाचेला खिळा लागला, कळलंच नाही, जखम चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. घरात त्यांना सगळे काका म्हणतात. काकू आहेत, मुलगा-सून आहेत. अशी घरं कोणत्याही कृत्रिम पाय केंद्राबाहेरच्या बाकावर बसलेली दिसतात.

काकांचा स्टंप गुडघ्याच्या वाटीखाली साधारण चौदा सेंटीमीटर लांब आहे. ही लांबी चांगली. सर्जनने पोटरीचा मांसल भाग मागून पुढे आणून नडगीच्या कापलेल्या टोकावर गादीसारखा शिवलाय, त्यामुळे टाक्यांची रेघ पुढच्या बाजूला आलीय. मधुमेहात जखम सावकाश भरते, म्हणून टाके तिसऱ्या आठवड्यात काढले. आता काकूंच्या हातात क्रेप बँडेज आलं, आणि इथूनच घरचं काम सुरू झालं.

बँडेज गुंडाळणं सोपं वाटतं, पण बहुतेक घरांत पहिली गफलत इथेच होते. पट्टी हाताला जशी गोल-गोल गुंडाळतात तशी स्टंपला गुंडाळली, आणि वरचा वेढा घट्ट बसला, की सूज खाली ढकलली जाते. पेस्टची ट्यूब वरून दाबली की पेस्ट टोकाकडे जाते, तसंच. महिन्याभरात स्टंपचं टोक फुगतं, वरचा भाग बारीक होतो, आणि असा गाठोड्यासारखा स्टंप कोणत्याही सॉकेटमध्ये नीट शिरत नाही. म्हणून पट्टी नेहमी तिरपी जाते, आठाच्या आकड्यासारखी एकमेकांना छेदत. टोकाशी ताण सर्वांत जास्त, वर सरकताना कमी कमी. शेवटचे वेढे गुडघ्याच्या वर मांडीवर घेतले की पट्टी घसरत नाही. शेवट चिकटपट्टीने लावायचा. पिन टोचली तरी मधुमेही माणसाला कळत नाही.

पायासाठी चार इंच रुंदीचं बँडेज हाताला सोयीचं पडतं. ते दर चार-पाच तासांनी सोडून, त्वचा बघून, पुन्हा बांधायचं असतं. सकाळी बांधलं ते रात्रीपर्यंत, असं चालत नाही, कारण पट्टी सैल होते आणि कुठेतरी तिची दोरी होऊन ती काचते. बांधल्यावर ठणका लागला, मुंग्या आल्या किंवा टोक गार पडलं तर लगेच सोडायचं. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठाच कमी आहे, त्यांनी किती ताण द्यायचा हे सर्जनला विचारूनच ठरवावं. जखम पूर्ण भरली की काही केंद्रं बँडेजऐवजी 'श्रिंकर' नावाचा घट्ट लवचिक मोजा देतात. तो घालायला सोपा आणि दाब सारखा देणारा. फक्त तो टोकापर्यंत पूर्ण ओढलेला हवा. टोकाशी पोकळी राहिली की सूज तिथेच साठते.

काकूंना फिजिओथेरपिस्टने आणखी एक काम दिलं: मोजपट्टी आणि वही. वाटीच्या खालच्या कडेपासून पाच सेंटीमीटरवर एक खूण, बारा सेंटीमीटरवर दुसरी. दर रविवारी सकाळी, बँडेज सोडल्या सोडल्या, दोन्ही ठिकाणचा घेर मोजायचा आणि लिहायचा. टाके निघाले त्या आठवड्यात वर ३५ आणि टोकाकडे ३७ सेंटीमीटर भरले. म्हणजे टोक वरच्यापेक्षा जाड, अजून फुगलेलं. पुढच्या तीन आठवड्यांत दोन्ही आकडे ३४ वर आले. त्यानंतर वर ३३ आणि खाली ३१. टोक वरच्यापेक्षा थोडं बारीक, म्हणजे स्टंपला हवा तो आकार येऊ लागला. सॉकेटचं माप घ्यायला हा आकडा पुरेसा होता का? नाही, कारण तो नुकताच बदलला होता. पुढचे दोन रविवार तोच ३३ आणि ३१ टिकला, तेव्हा केंद्राने होकार दिला.

घाईने घेतलेलं माप महागात पडतं. शिबिरात किंवा केंद्रात एका दिवसात पाय मिळतो, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. प्लास्टिकच्या पाइपपासून पाय घडवण्याचं जयपूरचं तंत्र इतकं झटपट आहे, की माणूस सकाळी येऊन संध्याकाळी चालत जाऊ शकतो. पण टाके निघून पंधरा दिवसही झाले नसताना, स्टंप सुजलेला असताना त्या रांगेत उभं राहिलं, तर मिळालेला पाय महिन्याभरात सैल होतो. मग तो घरात भिंतीला टेकून उभा राहतो आणि 'आम्हाला काही मानवला नाही' असं घरचे सांगतात. दोष पायाचा नसतो, वेळेचा असतो. शिबिराची तारीख जवळ आली म्हणून नव्हे, तर स्टंप तयार झाला म्हणून माप द्यावं. एखादं शिबिर चुकलं तरी पुढचं गाठता येतं.

या वाट बघण्यात आणखी एक गोष्ट बिघडू शकते, आणि ती बिघडवतं घरच्यांचं प्रेम. पाय ठणकतोय म्हणून सून काकांच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवते. गुडघा वाकला की खरंच बरं वाटतं. पण दिवसातले बरेच तास गुडघा वाकलेला राहिला, की मागचे स्नायू आणि शिरा आखडतात आणि काही आठवड्यांत गुडघा सरळ होईनासा होतो. थोडा आखडलेला गुडघा असेल तर सॉकेट त्या कोनात बसवून निभावता येतं. जास्त आखडला तर साधा पाय बसवणंच कठीण होतं, आणि माणूस कायम वाकलेल्या गुडघ्याने लंगडतो. म्हणून उशी गुडघ्याखाली कधीच नाही. स्टंप पलंगाच्या कडेवरून लोंबत सोडायचा नाही. व्हीलचेअरवर बसताना पायाखाली फळी लावून गुडघा सरळ ठेवायचा. दिवसातून दोन-तीन वेळा वीस-पंचवीस मिनिटं पालथं झोपायचं, त्याने कंबरेचा सांधाही सरळ राहतो. आणि टाचेच्या जागी गुंडाळलेला टॉवेल स्टंपच्या टोकाखाली ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि सोडायचा. या व्यायामाने मांडीचा पुढचा स्नायू टिकतो. कृत्रिम पायावर उभं राहताना गुडघा दगा देणार नाही, हे तोच बघतो.

त्वचेचीही तयारी करावी लागते. आजवर पोटरीच्या त्वचेवर कधी शरीराचं वजन पडलेलं नसतं. जखम कोरडी झाली की काका दिवसातून तीन-चार वेळा स्टंपवर हात फिरवू लागले. आधी मऊ सुती कापडाने, मग टॉवेलने, हलके चोळून, थोपटून. शिवणीच्या रेघेवर दोन बोटं ठेवून त्वचा खालच्या हाडावरून हळूहळू पुढेमागे सरकवायची. हे महत्त्वाचं, कारण व्रण हाडाला चिकटून बसला तर चालताना तिथली त्वचा सरकत नाही आणि फाटते. स्टंप रोज संध्याकाळी साध्या साबणाने धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा, त्वचा सुकत असेल तर रात्री थोडं साधं क्रीम. सकाळी नाही, कारण पाय घालताना त्वचा मऊ आणि ओलसर असेल तर ती सहज सोलवटते. त्वचा कडक व्हावी म्हणून स्पिरिट चोळायची जुनी सवय काही घरांत दिसते. त्याने त्वचा फक्त कोरडी पडून भेगाळते. स्टंपवरचे केसही काढायचे नाहीत. खुरटलेले केस आत वळून गळवं येतात.

रात्रीचा एक धोका स्वतंत्रपणे सांगायला हवा. काढलेला पाय अजून आहेच असं वाटणं, अंगठ्याला खाज येणं, तळव्यात आग होणं, हे बहुतेक सगळ्यांना होतं. मेंदूतला त्या पायाचा नकाशा पुसला गेलेला नसतो. काहींना त्यातून खऱ्या वेदना होतात. त्यावर औषधं आहेत, आणि आरशात दुसऱ्या पायाचं प्रतिबिंब बघत करायचे व्यायामही काहींना उपयोगी पडतात, तेव्हा हे सांगायला लाजू नये. पण धोका वेगळा आहे. रात्री लघवीला उठताना झोपेत माणूस तो नसलेला पाय जमिनीवर टाकतो आणि सरळ स्टंपवर पडतो. नुकती भरलेली जखम अशा पडण्याने उलते. काकांच्या पलंगाच्या त्या बाजूला सुनेने खुर्ची आडवी लावून ठेवली, म्हणजे उठताना तिला हात लागतो आणि झोप उडते. उठण्याआधी स्टंपला हात लावून बघायचा, ही सवय त्यांनी स्वतः लावून घेतली.

आता मापाकडे. प्रोस्थेटिस्ट स्टंपवर पातळ मोजा चढवतो, हाडांच्या उंचवट्यांवर खुणा करतो आणि प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतो. त्या साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची हुबेहूब प्रतिमा बनते. मग ती तो मुद्दाम हुबेहूब ठेवत नाही, आणि इथेच त्याचं कौशल्य आहे. गुडघ्याखालच्या पायात शरीराचं वजन स्टंपच्या टोकावर घेत नाहीत. टोकाला कापलेलं हाड असतं, तिथे भार सहन होत नाही. भार घेते ती वाटीच्या खालची जाड शीर, म्हणजे वाटी आणि नडगीच्या टेंगळाच्या मधला मऊ पट्टा, आणि नडगीच्या वरच्या भागाची आतली पसरट बाजू. तिथलं प्लास्टर तो खरवडतो, म्हणजे सॉकेट तिथे घट्ट दाबेल. नडगीची धार, बाहेरच्या बाजूचा बारीक हाडाचा गोळा आणि टोक, या ठिकाणी तो प्लास्टर वाढवतो, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे थोडी जागा सुटेल. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठात या पद्धतीला पक्कं रूप मिळालं, आणि आजही जगभर गुडघ्याखालच्या असंख्य सॉकेटांमागे हेच तत्त्व आहे.

खालचं पाऊल मात्र आपल्याकडचं वेगळं आहे. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ प्रमोद करण सेठी यांनी रबराचं ते पाऊल घडवलं, ज्यावर अनवाणी चालता येतं, ओल्या शेतात जाता येतं, उकिडवं बसता येतं. पण उकिडवं बसणं पावलाला जमलं तरी स्टंपला पहिल्या आठवड्यांत जमत नाही. गुडघा पूर्ण दुमडला की सॉकेटची मागची कड मांडीच्या शिरांना रुतते आणि स्टंप सॉकेटबाहेर ढकलला जातो. काकांसाठी मुलाने सुरुवातीला कमोडची खुर्ची आणली, ते योग्यच केलं.

पाय हातात आला त्या दिवशी काका पॅरलल बारमध्ये उभे राहिले. दोन्ही पायांखाली एकेक वजनकाटा ठेवला होता. काकांना वाटत होतं आपण दोन्ही पायांवर सारखे उभे आहोत. डाव्या काट्यावर पन्नासहून जास्त आणि उजव्यावर जेमतेम पंधरा किलो दाखवत होतं. नव्या पायावर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि डोळ्यांना आकडा दिसला की शरीर लवकर शिकतं. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं आणि चार पावलं. मग पाय काढून त्वचा बघायची. पुढे रोज थोडं वाढवायचं: अर्धा तास, मग एक तास, तेही दिवसातून दोनदा, मध्ये विश्रांती. प्रत्येक वेळी पाय काढल्यावर आधी त्वचा, मग चहा. साधारण तीन-चार आठवड्यांत बरेच जण अर्धा दिवस पाय घालू लागतात. मधुमेह असेल तर चाल आणखी संथ ठेवावी.

त्वचा बघायची म्हणजे नक्की काय बघायचं? पाय काढल्यावर वाटीखालच्या शिरेवर आणि नडगीच्या आतल्या बाजूला लाली दिसली तर ती बरोबर आहे. भार तिथेच यायला हवा. पण ती दहा-पंधरा मिनिटांत फिकी पडली पाहिजे. तेवढ्या वेळात गेली नाही, किंवा लाली नडगीच्या धारेवर, बाहेरच्या हाडाच्या गोळ्यावर, टोकावर दिसली, तर पाय पुन्हा घालायचा नाही, केंद्राला कळवायचं. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली अनेकदा दिसतच नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा काळपट दिसते, आणि हाताची मागची बाजू लावली की गरम लागते. हा स्पर्श डोळ्यांपेक्षा भरवशाचा आहे. काकांना मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी, त्यामुळे 'दुखलं तर काढीन' हा नियम त्यांना लागूच होत नाही. त्यांना स्टंपची मागची बाजू आणि टोक हातातल्या आरशात बघावं लागतं, किंवा काकूंनी बघावं लागतं. फोड आला तर तो फोडायचा नाही आणि तो बरा होईपर्यंत पाय घालायचा नाही. त्या दिवसांत बँडेज मात्र फोडाच्या जागी जपून, पण चालूच, नाहीतर स्टंप पुन्हा सुजतो आणि पाय आत जाईनासा होतो. ताप, पू, पसरत जाणारी सूज किंवा काळी पडलेली कड दिसली तर केंद्राकडे नव्हे, सरळ सर्जनकडे.

तिसऱ्या आठवड्यात काकांची खरी परीक्षा झाली. सकाळी पाय छान बसायचा, पण दुपारी जेवणानंतर चालताना स्टंपच्या टोकाला कळ येऊ लागली. काकूंना वाटलं पाय घट्ट होतोय, म्हणून त्यांनी आतला एक मोजा कमी केला. दुखणं वाढलं. खरं तर उलट घडत होतं. चालण्याच्या दाबाने स्टंपमधलं पाणी वर सरकतं आणि दुपारपर्यंत तो किंचित बारीक होतो. मग तो सॉकेटमध्ये खोल उतरतो, टोक तळाला टेकतं आणि वजन नेमकं नको तिथे पडतं. पहिल्या काही महिन्यांत हे जवळजवळ सगळ्यांना होतं, आणि उपाय सॉकेटमध्ये नसून मोज्यांमध्ये असतो.

स्टंपचे मोजे वेगवेगळ्या जाडीचे असतात. जाडी 'प्लाय'मध्ये मोजतात: एक, तीन, पाच. एक प्लाय म्हणजे पातळ, पाच म्हणजे जाड. हे एकावर एक घालून रोजचा हिशोब जुळवायचा. सगळीकडे प्लायचे मोजे मिळत नाहीत. केंद्राने साधे सुती मोजे दिले असतील तर किती घातले तेवढंच मोजावं. काकांना केंद्रात शिकवलं ते असं. सकाळी तीन प्लायचा एक मोजा. पाय घालून उभं राहिल्यावर वाटीच्या खालची कड सॉकेटच्या पुढच्या फुगवट्याच्या जराशी वर दिसली पाहिजे. वाटी सॉकेटमध्ये बुडाली, टोक दुखलं, चालताना स्टंप आत वर-खाली होतोय असं वाटलं, तर पाय सैल आहे; बसायचं, पाय काढायचा आणि एक प्लाय वाढवायचा. उलट वाटी खूप वर राहिली, नडगीचं टेंगूळ दुखू लागलं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा उंच वाटू लागला, तर मोजे जास्त झालेत. स्टंप तळापर्यंत पोचतच नाही. एक कमी करायचा. टोक अधांतरी राहिलं तर तेही धोक्याचं आहे. महिनोन् महिने टोकाला कशाचा आधार नसला, की तिथे सूज साठते, त्वचा जांभळट-तपकिरी होते आणि खडबडीत चामखिळींसारखी वाढते. ती बरी होते, पण सॉकेट दुरुस्त केल्याशिवाय नाही.

टोक तळाला लागतंय की अधांतरी आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रोस्थेटिस्ट सॉकेटच्या तळाशी मुलांच्या खेळायच्या मातीची छोटी गोळी टाकतात. पाय घालून काही पावलं चालल्यावर गोळी तशीच गोल राहिली तर स्टंप पोचत नाही. कागदासारखी चपटी झाली तर तो नको इतका खोल जातोय. हलकीच दबली तर ठीक. अशीच दुसरी युक्ती लिपस्टिकची: त्वचेवरच्या दुखऱ्या जागी ठिपका लावून पाय घातला की सॉकेट नेमकं कुठे घासतं, ते आत उमटतं. केंद्रात गेल्यावर 'इथे कुठेतरी दुखतं' म्हणण्यापेक्षा अशी चाचणी करायला सांगावी.

मोजे रोज धुवायचे, सावलीत आडवे पसरून वाळवायचे. दोरीवर लटकवले की ताणून लांब होतात. टोकाशी शिवण किंवा घडी राहता कामा नये. कडक उन्हाळ्यात दुपारी पाय काढून स्टंप आणि आतलं मऊ लायनर कोरड्या कापडाने पुसायचं आणि कोरडा मोजा घालायचा. घामाने भिजलेल्या त्वचेला फोड फार लवकर येतात, बुरशीही लागते. आणि सैल झालेल्या सॉकेटच्या तळाशी कापूस किंवा जुनं फडकं कोंबू नये. असं केल्याने वजन थेट टोकावर येतं, आणि मधुमेही माणसाला जखम झाल्याचं रात्री कळतं.

पाय काढलेला असेल त्या प्रत्येक वेळी, विशेषतः रात्री, बँडेज किंवा श्रिंकर लावायचाच. हा नियम पहिले कित्येक महिने चालतो. एक रात्र मोकळी गेली तरी सकाळी पाय आत जात नाही. डायलिसिसवर असलेल्यांचा स्टंप डायलिसिसच्या आधी आणि नंतर वेगवेगळ्या मापाचा असतो. त्यांनी मोज्यांचा हिशोब त्या दिवसांनुसार वेगळा लिहून ठेवावा.

दोन गोष्टी अजून. पाय ज्या चपलेत किंवा अनवाणी बसवून दिला असेल, त्या उंचीला तो जुळवलेला असतो. घरी येऊन लग्नासाठी टाचेचे बूट चढवले की गुडघा पुढे ढकलला जातो आणि मांडी थकते. पादत्राण बदलायचं तर तीच उंची राहील असं निवडावं, नाहीतर केंद्रातून जुळवून घ्यावं. दुसरं, उरलेला पाय. कुबड्यांवर असताना सगळा भार त्या एका तळव्यावर येतो, आणि मधुमेहात तोही तितकाच धोक्यात असतो. रोज रात्री स्टंपबरोबर त्याचीही तळवा, बोटांमधल्या बेचक्या आणि टाच अशी तपासणी व्हावी. घरातही अनवाणी फिरू नये.

किती दिवसांत पूर्ववत चालता येईल, या प्रश्नावर सुधा चंद्रन यांचं नाव हमखास निघतं. १९८१ च्या अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या आणि त्यांच्या आयुष्यावर सिनेमाही निघाला. सिनेमात ही वाट काही मिनिटांची दिसते. प्रत्यक्षात त्या पुन्हा रंगमंचावर आल्या १९८४ मध्ये, म्हणजे मध्ये वर्षं गेली, आणि त्या तेव्हा तरुण होत्या, मधुमेह नव्हता. चोपन्न वर्षांच्या काकांची तुलना त्यांच्याशी करून घरच्यांनी त्यांना धावायला लावू नये. वॉकरवरून एका काठीवर, काठीवरून मोकळं, हा क्रम फिजिओथेरपिस्ट ठरवेल तसा.

काकांचे मोजे महिन्यागणिक वाढत गेले. पहिल्या महिन्यात सकाळी तीन प्लाय, तिसऱ्या महिन्यात सहा, पाचव्या महिन्यात सकाळीच दहा. दहा-बारा प्लायच्या पुढे मोजे घालून सॉकेट जुळवता येत नाही. एवढ्या जाडीत स्टंप आत गोल फिरतो आणि भार पडायच्या जागा सरकतात. याचा अर्थ पहिलं सॉकेट आपलं काम करून झालं. पहिल्या वर्षात बहुतेकांना नवं सॉकेट लागतं, आणि ते अपयश नाही, ठरलेला टप्पा आहे. नवं सॉकेट घडवलं तरी खालचं पाऊल अनेकदा तेच ठेवता येतं.

नव्या मापासाठी केंद्रात जाताना काकू चार वस्तू पिशवीत घेतात: घेरांची वही, सध्या वापरात असलेले सगळे मोजे, रोजची चप्पल आणि आदल्या संध्याकाळी काढलेला त्वचेचा फोटो. प्रोस्थेटिस्ट आधी वही बघतो. घेर गेले सहा आठवडे ३० आणि २८ वर स्थिर आहेत. मग तो काकांना चालायला सांगतो, पाय काढायला लावतो, टोक दाबून बघतो आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजत घालतो.